वरचा एक, खालचा एक

माझ्याकडे एक जुना गुणतक्ता आहे. फुलस्केप कागद, निळ्या शाईच्या रेघा, आणि कोपऱ्यात सांडलेल्या चहाचा डाग. १९८८ च्या जानेवारीत शिरूर तालुक्यातल्या एका गावी आंतरशालेय वक्तृत्व स्पर्धा झाली, तिचा तो तक्ता. मी तेव्हा दौंड तालुक्यातल्या एका शाळेत गणित शिकवत होतो, आणि गणिताचा शिक्षक म्हणजे बेरजा बिनचूक करणारच अशी सर्वांची समजूत असल्यामुळे अशा स्पर्धांत गुणांची बेरीज करायचे काम माझ्याकडे यायचे. परीक्षक पाच. प्रत्येकाने शंभरपैकी गुण द्यायचे, मी सरासरी काढायची, अध्यक्षांच्या हाती चिठ्ठी द्यायची.

त्या दिवशी अंतिम चुरस दोघांत होती. एक दौंडकडची नववीतली मुलगी, आणि एक स्पर्धा भरवणाऱ्या गावातलाच मुलगा. मुलीला मिळालेले गुण तक्त्यात असे आहेत : ८१, ८४, ७९, ८२ आणि ४८. मुलाचे असे : ७६, ७८, ७४, ७७ आणि ९३. शेवटचा आकडा दोन्हीकडे एकाच परीक्षकाचा. मी बेरजा केल्या. मुलीची ३७४, सरासरी ७४.८. मुलाची ३९८, सरासरी ७९.६. मुलगा पहिला आला. चिठ्ठी मीच लिहिली, आणि ध्वनिक्षेपकावर निकालही मलाच वाचायला लावला.

रात्री घोडनदीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत असताना मी तक्ता पुन्हा उघडला. पहिल्या चार परीक्षकांचे गुण एकाखाली एक ठेवून पाहिले, तर चौघांनीही मुलीलाच वर ठेवले होते. कोणी पाच गुणांनी, कोणी सहा गुणांनी. म्हणजे पाचांपैकी चौघांच्या मते ती पहिली होती, आणि मी तिला दुसरी म्हणून जाहीर केली होती. माझ्या बेरजेत चूक नव्हती. सरासरीनेच हे केले होते.

पाचव्या परीक्षकाने मुद्दाम केले का? मला ठाऊक नाही. मुलीने भाषणात काढलेला एखादा मुद्दा त्यांना खटकलाही असेल. पण हेतू काहीही असला तरी गणित तेच राहते. सरासरीत प्रत्येकाचे मत सारखे मोजले जाते असे आपण समजतो. ते तसे नसते. जो परीक्षक बाकीच्यांपासून जितका दूर जाईल तितका तो सरासरीला आपल्याकडे ओढतो. चौघांनी मिळून त्या मुलीला साधारण पाच-पाच गुणांची आघाडी दिली होती. एकट्याने पंचेचाळीस गुणांची पिछाडी दिली. पाच, सहा, पाच आणि पाच मिळून होतात एकवीस. एकवीसपुढे पंचेचाळीस जिंकणारच.

फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९०७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात हीच तक्रार मांडली होती. त्याचा प्रश्न पंचांचा होता : नुकसानभरपाईची रक्कम ठरवताना प्रत्येक पंचाच्या मनात वेगळा आकडा असेल, तर सर्वांचा मिळून एक आकडा कसा काढावा? सरासरी काढली तर जो जितका विक्षिप्त तितकी त्याच्या मताला किंमत जास्त, असे तो म्हणतो. त्याने सुचवलेला उपाय म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावायचे आणि मधला उचलायचा. आपण ज्याला मध्यक म्हणतो तो. पुढच्याच आठवड्यात त्याने एका प्रदर्शनातल्या बैलाच्या वजनाचा अंदाज बांधणाऱ्या ७८७ लोकांच्या चिठ्ठ्या घेऊन हे करून दाखवले. मधला अंदाज १२०७ पौंड निघाला, आणि बैलाचे खरे वजन ११९८ पौंड होते.

मला मात्र उपाय सुचवला तो एका क्रीडाशिक्षकाने. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेच्या तयारीची बैठक चालू होती. मी तक्ता पुढे ठेवला, कोणाचे नाव न घेता. ते म्हणाले, “सर, आमच्याकडे जिम्नॅस्टिक्समध्ये चार पंच असतात. वरचा एक आणि खालचा एक काढून टाकतो, आणि मधल्या दोघांची सरासरी घेतो. तुम्ही पण तेच करा की.” मी तिथेच करून पाहिले. मुलीचे ८४ आणि ४८ गेले; ७९, ८१, ८२ राहिले. सरासरी ८०.६७. मुलाचे ९३ आणि ७४ गेले. ७६, ७७, ७८ राहिले. सरासरी ७७. समितीतल्या कोणीच हरकत घेतली नाही, आणि त्याचे कारण मला नंतर कळले. या नियमात कोणावर आरोप करावा लागत नाही. ‘तुमचा गुण पक्षपाती आहे’ असे कोणाच्या तोंडावर म्हणण्याची वेळ येत नाही. वरचाही जातो, खालचाही जातो. ज्या गावात परीक्षक, प्रायोजक आणि सरपंच एकाच मांडवात बसतात तिथे ही सोय लहान नाही.

तरी अंमलबजावणीत घोळ होतातच. पहिल्याच वर्षी आमच्या एका कार्यकर्त्याने संपूर्ण परीक्षकच कापला. ज्यांनी एकूणात सर्वांत कमी गुण दिले त्यांचा अख्खा रकाना त्याने खोडला. तसे करायचे नसते. कापायचे ते प्रत्येक स्पर्धकाच्या ओळीतले. एकाच परीक्षकाचा गुण एका ओळीत जाईल आणि पुढच्या ओळीत राहील. दोघांनी सारखाच सर्वांत कमी गुण दिला असेल तर त्यांतला एकच कापायचा, दोन्ही नाही. आणि गुण कापला तरी तो तक्त्यावरून पुसायचा नाही, त्याच्याभोवती फक्त गोल करायचा. त्या गोलांकडे मागाहून पाहिले की पुष्कळ कळते. एखाद्या परीक्षकाच्या रकान्यात सगळीकडे खालचेच गोल दिसले तर तो फक्त हात आखडता ठेवणारा आहे. त्याने सर्वांनाच कमी दिले, त्यामुळे कोणाचे नुकसान झालेले नाही. पण त्याच रकान्यात काही ओळींत खालचे गोल आणि नेमक्या एक-दोन ओळींत वरचे गोल दिसले, तर त्याला पुढच्या वर्षी बोलवायचे की नाही याचा विचार करावा.

आता या नियमाची मर्यादा सांगतो, कारण ती मी बरीच वर्षे चुकीची समजत होतो. मला वाटायचे, कापलेला गुण म्हणजे नसलेला गुण. त्याचा परिणाम शून्य. तसे नाही. समजा त्या पाचव्या परीक्षकाने प्रामाणिकपणे मुलीला ८३ दिले असते. मग गुण झाले असते ७९, ८१, ८२, ८३, ८४. कडेचे दोन गेले की सरासरी ८२. पण त्यांनी ४८ दिल्यामुळे ती ८०.६७ झाली. ४८ तर कापले गेले, मग हा सव्वा गुण कुठे गेला? झाले असे, की ४८ खाली येऊन बसल्यामुळे जो ७९ कापला जायचा तो वाचला आणि हिशेबात आला, आणि मधल्या तिघांत ८३ ची जागा त्याने घेतली; ८४ तर दोन्ही वेळा कापलाच जातो. म्हणजे टोकाचा परीक्षक स्वतः बाहेर पडताना रांगेतल्या इतरांना एक-एक घर सरकवून जातो. फरक एवढाच, की आता त्याच्या ताकदीला मर्यादा आली. त्याने ४८ द्यावेत की शून्य, मुलीची सरासरी ८०.६७ च्या खाली जात नाही. साध्या सरासरीत ८३ ऐवजी ४८ दिल्याने तिचे सात गुण जातात, आणि शून्य दिले असते तर सोळाच्या वर गेले असते.

दुसरी मर्यादा याहून कडक आहे. हा नियम पाचांत एकालाच आवरतो. दोघे मिळाले तर? समजा दुसऱ्या परीक्षकानेही ८४ ऐवजी ५० दिले असते. मग गुण होतात ४८, ५०, ७९, ८१, ८२. खालचा एक म्हणून ४८ जातो, पण ५० शाबूत राहतो. सरासरी एकदम ७० वर येते. पहिला जणू दुसऱ्यासाठी ढाल होतो. दोघांना आवरायचे तर वरचे दोन आणि खालचे दोन कापावे लागतील, आणि मग पाचांत एकच उरेल. म्हणून परीक्षकच वाढवावे लागतात. आंतरराष्ट्रीय डायव्हिंगच्या स्पर्धांत हा प्रवास स्पष्ट दिसतो. १९८० च्या दशकात सात पंच असत, वरचा एक आणि खालचा एक काढत, उरलेल्या पाचांची बेरीज घेत. आता पंच सातच आहेत, पण वरचे दोन आणि खालचे दोन काढून मधले तीनच ठेवतात. त्या तिघांच्या बेरजेला उडीच्या काठिण्यांकाने गुणले की गुण तयार. आमच्या तालुक्याच्या स्पर्धेला सात परीक्षक आणायचे तर त्यांच्या जेवणाचा आणि प्रवासखर्चाचाच प्रश्न उभा राहतो, हे वेगळे.

आणि निम्म्याहून जास्त हात फिरले असतील तर कापून काहीच साधत नाही. याचे एक जुने उदाहरण आमच्याच मुलखातले आहे. पेशवाई गेल्यावर पुणे कलेक्टोरेटमधल्या जमिनींची मोजणी आणि प्रतवारी प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने केली. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि निव्वळ उरेल त्याच्या शेकडा ५५ सरकारसारा घ्यायचा, असा त्याचा हिशेब होता. कागदावर नीटस. पण मोजणी आणि प्रतवारी करणारे हाताखालचे लोक पैसे घेऊन आकडे लिहीत होते, आणि १८३० च्या सुमारास हा सारा लागू झाला तेव्हा कुणबी गावे सोडून जाऊ लागले. एखाददुसरा लबाड असता तर तो टोकाला दिसला असता. इथे लबाडीच मधोमध बसली होती. पुढे १८३६ पासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी शेजारच्या इंदापुरात नवी पाहणी सुरू केली. तिच्यात मातीचा रंग आणि खोली पाहून सोळा आण्यांपासून खाली जमिनीच्या प्रती ठरवल्या जात, आणि वरचा अधिकारी स्वतः काही शेतांत जाऊन खालच्याची प्रतवारी पडताळी. आमचा दौंड, म्हणजे त्या वेळचा भीमथडी तालुका, याच पद्धतीखाली आला. आकडे कसे एकत्र करायचे याच्या आधी आकडे लिहिणारा कोण, हे पाहावे लागते.

उलट बाजूलाही एक गोष्ट आहे. पक्षपात आरडाओरडा करूनच येतो असे नाही. ११ फेब्रुवारी २००२ रोजी सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये फिगर स्केटिंगच्या जोड्यांचा अंतिम सामना झाला. तेव्हा त्या खेळात सरासरी नव्हतीच. नऊ पंचांपैकी प्रत्येकजण जोड्यांना क्रम द्यायचा, आणि ज्यांना जास्त पंचांनी पहिले ठेवले ते जिंकायचे. रशियाच्या जोडीला पाच पंचांनी पहिले ठेवले, कॅनडाच्या जोडीला चौघांनी. नंतर फ्रान्सच्या पंचबाईंवर आपल्या संघटनेकडून दबाव आल्याचे प्रकरण बाहेर आले, आणि कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. आता नीट पाहा : त्या पंचाने ४८ दिले नव्हते. तिचा आकडा बाकीच्यांच्या आकड्यांत सहज मिसळून जाणारा होता. जिथे पाचास चार अशी चुरस असते तिथे हळूच इकडचे तिकडे केलेले एक मत पुरते. या प्रकरणानंतर स्केटिंगची गुणपद्धत बदलली आणि नव्या पद्धतीत वरचा व खालचा गुण कापण्याचा नियम आला. पण त्या रात्रीचा पक्षपात या कात्रीत सापडला असता असे मला वाटत नाही. कात्री टोके कापते. तो पंच टोकाला नव्हता.

आमच्या स्पर्धेत हा नियम चार-पाच वर्षे सुखाने चालला. मग १९९३ साली जे झाले ते सांगतो. एका मुलाचे भाषण फार रंगले. शब्द घोटीव, आवाज मोकळा. गुण आले ८६, ८४, ८८, ८५ आणि ३५. मी सवयीने ८८ आणि ३५ भोवती गोल काढले. ८४, ८५, ८६ उरले, सरासरी ८५. पहिला क्रमांक. दुसऱ्या आलेल्या मुलीची सरासरी ८१ होती. बक्षीस समारंभ आटोपला आणि ज्यांनी ३५ दिले होते ते वृद्ध निवृत्त शिक्षक मला मांडवामागे भेटले.

“सर, माझा आकडा कापलात ना?”

“नियमच आहे, गुरुजी.”

“कापा हो. पण ते भाषण पुस्तकातले होते. छापील. शब्दन्‌शब्द. मी माझ्या मुलांकडून पंधरा वर्षांपूर्वी पाठ करून घेतले आहे.”

बाकीच्या चौघांना ते पुस्तक ठाऊक नव्हते. पाचांत जो एकटा जाणकार होता तोच टोकाला दिसला, आणि माझ्या नियमाने तोच कापला. साधी सरासरी ठेवली असती तर त्या मुलाचे ७५.६ झाले असते आणि तो पहिला आला नसता. म्हणजे १९८८ साली ज्या सरासरीने अन्याय केला तिनेच या वेळी न्याय केला असता. मी त्या रात्रीही एसटीची वाट बघत तक्त्याकडे पाहत बसलो होतो. ४८ आणि ३५. कागदावर दोन्ही आकडे अगदी सख्खे भाऊ दिसतात. दोन्ही बाकीच्या चौघांपासून लांब, दोन्ही खाली. कोणता कापावा आणि कोणता ऐकावा हे आकड्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही.

त्या वर्षापासून आम्ही एक भर घातली. कोणत्याही ओळीत सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा गुण यांत पंचवीसहून जास्त अंतर पडले, तर बेरीज करण्याआधी मी परीक्षकांना आत बोलवायचो आणि टोकाच्या परीक्षकाला एकच प्रश्न विचारायचो : तुम्हाला असे काही माहीत आहे का, जे बाकीच्यांना नाही? ‘मला आवडले नाही’ हे उत्तर असेल तर गोल काढायचा आणि पुढे जायचे. पण ‘भाषण चोरलेले आहे’, ‘वेळ संपल्याची घंटा होऊनही तो बोलत राहिला’ असे काही असेल तर तो गुण नसून ती माहिती आहे. तिचा निकाल वेगळा लावायचा. जिम्नॅस्टिक्समध्येही मधल्या गुणांत किती अंतर चालेल याची मर्यादा ठरलेली असे, आणि ती ओलांडली की मुख्य पंच इतरांना बोलावून घेई, हे मला मागाहून कळले. आम्ही काही नवे केले नव्हते.

निवृत्तीनंतर वेळ मिळाला तेव्हा ही पद्धत मुळात कुठून आली ते शोधायला लागलो. माझी अपेक्षा अशी, की ती एखाद्या खेळातून आली असणार. नाव तरी तुलनेने अलीकडचे आहे. छाटलेली सरासरी ही कल्पना संख्याशास्त्राच्या चर्चेत रुजवली ती जॉन ट्यूकी या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात. पण रीत फार जुनी. सापडली ती खेळात नव्हे, शेतात. १८२१ साली फ्रान्समधल्या एका गणिती नियतकालिकात सरासरीविषयी एक निनावी लेख छापून आला. तो त्या नियतकालिकाचे संपादक जेर्गोन यांनीच लिहिला असावा, असे संख्याशास्त्राचे इतिहासकार स्टीफन स्टिग्लर यांनी दाखवून दिले आहे. त्या लेखात सहज जाता जाता सांगितले आहे, की फ्रान्सच्या काही प्रांतांत जमिनीच्या तुकड्याचे सरासरी उत्पन्न ठरवायचे असले की सलग वीस वर्षांचे उत्पन्न पाहतात, सर्वांत जास्त पिकलेले एक वर्ष आणि सर्वांत कमी पिकलेले एक वर्ष सोडून देतात, आणि उरलेल्यांच्या बेरजेचा अठरावा भाग घेतात.

हे वाचल्यावर मी माळ्यावरून तात्यांची वही काढली. तात्या म्हणजे माझे वडील. आमची जमीन पाटसच्या दक्षिणेला, माळरानाकडची. खडकवासल्याचा कालवा आमच्यापासून दूर. उसाचा हिरवा पट्टा आम्ही लांबून पाहायचो. आमची बाजरी पावसावर. तात्या दर दिवाळीला त्या वर्षी विहिरीवरच्या वावरात एकरी किती पोती झाली ते वहीत लिहायचे. १९६१ ते १९८० अशी बरोबर वीस वर्षे त्या वहीत आहेत. सर्वांत चांगले वर्ष नऊ पोत्यांचे. १९७२ समोर आकडा नाही, नुसती आडवी रेघ आहे.

फ्रेंच रीतीने हिशेब केला. नऊचे वर्ष सोडले, रेघेचे वर्ष सोडले. उरलेल्या अठरा वर्षांची बेरीज ७२. अठरावा भाग, चार पोती. मग काहीच न सोडता वीसही वर्षे धरली. बेरीज ८१, विसावा भाग ४.०५. जवळजवळ तेच! वीस वर्षांतले एक-एक टोक दोन्हीकडून काढले तर फारसा फरक पडत नाही, कारण टोके एकमेकांना बरीचशी छेदतात. पाच परीक्षकांतला एक म्हणजे पाचवा हिस्सा; वीस वर्षांतले एक म्हणजे विसावा.

पण त्याच वहीतली सातच वर्षे घेतली तर गोष्ट बदलते, आणि ही सात वर्षे मी उगाच निवडलेली नाहीत. प्रधानमंत्री पीक विमा योजनेत ‘उंबरठा उत्पन्न’ नावाचा एक आकडा असतो. महसूल मंडळातले पीक त्या आकड्याखाली गेले तर भरपाई मिळते. २०१६ मध्ये योजना आली तेव्हा हा आकडा मागच्या सात वर्षांच्या सरासरीवरून काढत, आणि सरकारने आपत्तीची म्हणून जाहीर केलेली जास्तीत जास्त दोन वर्षे त्यातून वगळत. २०१८ च्या सुधारित नियमांपासून जाहीर करण्याची भानगड गेली : सातांपैकी सर्वांत चांगली पाच वर्षे घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तराने गुणायचे. आपल्याकडे तो साधारण ७० टक्के धरतात.

म्हणजे इथेही दोन आकडे कापतात, पण दोन्ही खालचे. वरचा एकही नाही. तात्यांच्या वहीत १९६८ ते १९७४ अशी वर्षे आहेत : ५, ४, ३, २, रेघ, ६, ४. समजुतीसाठी तात्यांचे वावर म्हणजेच अख्खे मंडळ असे धरू. सातही वर्षांची सरासरी ३.४३, तिचे सत्तर टक्के २.४. आता दोन आणि रेघ काढा. उरलेल्या पाचांची बेरीज २२, सरासरी ४.४, सत्तर टक्के ३.०८. पुढच्या वर्षी २.६ पोती झाली असती, तर पहिल्या हिशेबाने एक पैसाही मिळत नाही. दुसऱ्या हिशेबाने विमा रकमेच्या शेकडा साडेपंधरा मिळतात. लागोपाठ दुष्काळ पडले की सरासरी खाली घसरते आणि मग दुष्काळ हाच नेहमीचा हंगाम ठरतो. ते होऊ नये म्हणून ही एका बाजूची कात्री.

आता त्या निनावी लेखाकडे आणि माझ्या दोन तक्त्यांकडे परत येतो. १९८८ चा ४८ हा आकडा भाषणाविषयी फार काही सांगत नव्हता; तो देणाऱ्याविषयी सांगत होता. म्हणून तो कापला तर भाषणाचे काही बिघडत नाही. तात्यांच्या रेघेचे तसे नाही. ती लिहिणाऱ्याच्या हाताची चूक नाही. त्या वर्षी वावरात खरोखरच काही आले नाही. पीककापणीचे प्रयोग याच कारणाने वेगळ्या वाटेने जातात. साताऱ्याकडच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे आणि व्ही. जी. पानसे यांनी १९४० च्या दशकात आपल्या देशात पीककापणीची जी पद्धत घडवली तिच्यात कापायचा चौकोन यदृच्छेने, आकड्यांच्या चिठ्ठ्या काढाव्या तसा, निवडतात. पाटलाच्या मळ्यातला डौलदार कोपरा दाखवायला कोणाला वाव नाही. पण एकदा चौकोन निघाला आणि तो विरळ निघाला, तरी तो कमी आला म्हणून टाकून द्यायचा नाही. तिथे पक्षपात अडवायचा तो निवडीच्या वेळी. नंतर कात्री चालवली तर विरळ शेतच हिशेबातून जाईल, आणि तालुका आहे त्याहून सुखी दिसेल.

दोन-तीन वर्षांपूर्वी दौंडला एका स्पर्धेच्या तरुण संयोजकाने मला फोन केला. परीक्षक पाच आहेत, वरचा-खालचा काढू ना? मी म्हटले काढा, पण गुण देणारे पाचही जण एकाच संस्थेतले नकोत. आणि तक्त्याला उजवीकडे एक रकाना वाढवा, शेऱ्यासाठी. गोल काढलेल्या प्रत्येक आकड्यासमोर परीक्षकाने दोन शब्द लिहायचे. त्याने विचारले, “सर, एवढे लिहितील का?” बहुतेकजण लिहीत नाहीत. रिकामाच राहतो तो रकाना.

तात्यांच्या वहीतही शेऱ्याला जागा आहे. वीस वर्षांपैकी एकोणीस वर्षांसमोर ती कोरी आहे. १९७२ च्या रेघेपुढे त्यांनी पेन्सिलीने लिहिले आहे : बैलजोडी विकली, सुकडीवर दिवस काढले, खडी फोडायला गेलो.